न तुटणाऱ्या धाग्याचा जाच

नायलॉनबद्दल माझी मूळ तक्रार एकच आहे, ती म्हणजे तो तुटत नाही. ही तक्रार ऐकून लोक माझ्याकडे संशयाने बघतात, कारण नायलॉनचं कौतुक नेमकं याच गुणासाठी होतं. तुमच्या विंडचीटरचा, पाठीवरच्या सॅकचा किंवा पायातल्या स्टॉकिंगचा धागा दाराच्या कडीत अडकून एकदा ओढला जाऊ द्या, मग आपण बोलू.

सुती धागा या बाबतीत समंजस असतो. दोन-तीन सेंटीमीटरचे कापसाचे तंतू पीळ देऊन तो बनतो, त्यामुळे खिळ्यात अडकून जरा ताण बसला की तट्‌कन तुटतो आणि विषय संपवतो. भोक पडतं, पण जागच्या जागी. नायलॉनचा तंतू मात्र वितळलेल्या रसातून बारीक छिद्रांवाटे सलग ओढलेला असतो. त्याला मधे कुठे जोड नाही, वर अंग गुळगुळीत. असा धागा अडकला की स्वतः न तुटता शेजारचा भाग ओढून आणतो. बाहेर लांब फास लोंबतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कापडावर चुण्यांची सरळ रेघ उमटते. कापडाचं वाटोळं होतं ते धाग्याच्या दुबळेपणामुळे नव्हे, त्याच्या ताकदीमुळे!

स्टॉकिंग हा या ताकदीचा सगळ्यात केविलवाणा नमुना. ड्यू पाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्सच्या हाताखाली १९३५ साली नायलॉन तयार झाला आणि १५ मे १९४० रोजी अमेरिकेत नायलॉनच्या स्टॉकिंग्ज सर्वत्र विकायला आल्या. दुकानांत झुंबड उडाली. पुढे युद्धात हाच धागा पॅराशूटकडे वळवला गेला. म्हणजे विमानातून उडी मारणाऱ्या सैनिकाला जो सांभाळतो, तोच पायाच्या करंगळीच्या नखापुढे शरण जातो.

यात विरोधाभास काही नाही, सगळा जाडीचा हिशेब आहे. पाकिटावर ‘१५ डेनिअर’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ ९,००० मीटर धाग्याचं वजन १५ ग्रॅम. चर्चगेटहून निघालेला धागा दादरच्या जवळ पोचेल आणि वजन भरेल तीन-चार चमचे साखरेएवढं. शाळेच्या सॅकचं कापड त्याच मापाने ४२० डेनिअरचं असू शकतं आणि दणकट प्रवासी बॅगेचं १,०००. त्यामुळे रोज वापरायच्या असतील तर १५ ऐवजी ४० डेनिअरच्या घ्या, असं मी सांगतो. त्यावर ‘पण त्या दिसतात ना!’ असं उत्तर मिळतं. दिसतात खऱ्या. फाटलेल्या त्याहून जास्त दिसतात.

शिवाय स्टॉकिंग विणलेली असते. म्हणजे एक टाका खालच्या टाक्यात अडकवलेला, तो त्याच्या खालच्यात. एक टाका तुटला की त्याच्या आधाराने उभे असलेले सगळे एकापाठोपाठ सुटतात, कारण गुळगुळीत धाग्याला धाग्याची पकड नाही. मग मांडीपासून घोट्यापर्यंत शिडी उभी राहते. लुबलुबीत फास आलाय की शिडी सुटली आहे, हे आधी ओळखा. फास असेल तर धागा अजून शाबूत आहे. दोन्ही हातांनी कापड आडवं-उभं हलकेच ताणलं की बराचसा आत जातो. शिडी असेल तर ती घरच्या घरी परत विणणं सहसा जमत नाही, फक्त थांबवता येते.

थांबवायला बिनरंगी नेलपेंट. पण ते लोक शिडीच्या मधोमध फासतात आणि मग ते चालत नाही म्हणतात. मधे उरलंय काय थांबवायला? नेलपेंट शिडीच्या दोन्ही टोकांना, जिथे शाबूत टाके सुरू होतात तिथे, थेंबभर लावायचं. स्टॉकिंग पायातून काढायची, आत पुठ्ठ्याचा तुकडा सरकवायचा, लावायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. पायात असतानाच लावलं तर ती कातडीला चिकटते, आणि संध्याकाळी उतरवताना शिडीचं दुसरं टोक उघडतं.

घालण्याची रीतही हीच अक्कल मागते. नखं कानशीने गुळगुळीत करा, कापून सोडू नका, कारण कात्रीने कापलेल्या नखाला धार राहते. अंगठी काढा. टाचेच्या भेगांना रात्री व्हॅसलीन लावलेलं असू द्या. मग सगळी स्टॉकिंग बोटांपर्यंत गोळा करून पंजा घाला आणि थोडी थोडी वर सोडा. वरची पट्टी धरून खेचणारे लोक एका दमात मोकळे होतात, स्टॉकिंगही.

आता सॅक आणि विंडचीटर. तिथे कापड विणीचं नसतं, ताण्या-बाण्याचं असतं, म्हणून शिडी सुटत नाही. पण लोंबता फास येतोच. तो दिसला की घरातला एक उत्साही माणूस कात्री घेऊन धावतो. त्याला आधी थोपवा. फास कापला की धाग्याची दोन मोकळी टोकं राहतात, ती आत सरकतात आणि तिथे विरळ जागा पडते. त्याऐवजी फासाच्या दोन्ही बाजूंनी कापड धाग्याच्या दिशेने ताणा, म्हणजे ओढून आलेला धागा चुण्यांत परत वाटला जाईल.

उरलेल्या फासासाठी सुईची युक्ती आहे. दोऱ्याची दोन्ही टोकं सुईच्या नेढ्यातून ओवा, म्हणजे मागे दोऱ्याचा फास राहील. सुई फासाच्या अगदी बुडाशी, बाहेरून आत घाला, पण पूर्ण ओढू नका. आधी बाहेर आलेला नायलॉनचा फास दोऱ्याच्या फासात अडकवा आणि मग सुई आतून ओढा. फास मुकाट्याने आत जातो. बॅगेला हे चालतं, पाऊस अडवणाऱ्या विंडचीटरला चालत नाही. त्याच्या आतल्या बाजूला पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. सुईने पाडलेलं भोक बुजत नाही आणि पुढच्या जुलैत नेमकं तिथूनच पाणी येतं. तिथे ताणण्यावर समाधान माना.

फास बहुतेक वेळा बाहेर नव्हे, धुण्याच्या मशीनमध्येच निघतो. गुन्हेगार वेल्क्रो. त्याचे आकडे बहुधा नायलॉनचेच असतात, म्हणजे हा घरचाच भेदी. वेल्क्रो चिकटवून, चेन लावून, कपडा उलटा करून जाळीच्या पिशवीत घाला. पाणी गार किंवा ३० अंशांचं. ब्लीच नको, त्याने नायलॉन पिवळा पडतो आणि कुजतो. पांढरा नायलॉन गडद कपड्यांसोबत कधीच नको, कारण सुटलेला रंग उचलण्यात त्याच्याइतका तत्पर कोणी नाही.

आणि गरम पाण्याचा हट्ट सोडा. कारखान्यात स्टॉकिंगला पायाचा आकार देतात तो वाफेने. तापवलेल्या नायलॉनला जसं ठेवाल तसा थंड झाल्यावर तो राहतो. हाच गुण मशीनमध्ये उलटतो. ६० अंशांच्या पाण्यातून काढून लगेच स्पिन केलात तर चोळामोळा झालेल्या कापडाला तो आपला कायमचा आकार वाटतो. त्या सुरकुत्या पुढे हाताने झटकून जात नाहीत. ओला नायलॉन थोडा दुबळाही असतो, साधारण दहा-पंधरा टक्क्यांनी, म्हणून पिळू नका. टॉवेलात गुंडाळून दाबा आणि सावलीत वाळवा, कारण ऊन हा धागा हळूहळू खातं. गॅलरीत वर्षानुवर्षं उन्हात टांगलेली नायलॉनची दोरी कमजोर होते, ती त्यामुळेच.

यानंतर माणसाच्या मनात सुरकुत्या बघून इस्त्रीचा विचार येतो, आणि खरी आपत्ती सुरू होते. इस्त्रीवरचा एक ठिपका म्हणजे ११० अंश, दोन म्हणजे १५० आणि तीन म्हणजे २००. नायलॉनला एकच ठिपका, तोही वाफेशिवाय. नायलॉन ६ हा प्रकार २२० अंशांच्या आसपास वितळतो, पण त्याच्या बराच आधी मऊ होऊन इस्त्रीच्या तळाला चिकटतो. म्हणून कपडा उलटा करा, वर सुती कापड घाला, इस्त्री एका जागी ठेवू नका. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे तर नायलॉन देऊच नका. त्याच्या कोळशाच्या इस्त्रीला ठिपके नसतात. तो ओलं बोट लावतो, चर्र आवाज आला की इस्त्री तापली म्हणतो. सुती सदऱ्यासाठी ही पद्धत निर्दोष आहे. पाणी १०० अंशांना चर्र करतं आणि २०० अंशांनाही करतं, एवढीच अडचण.

चिकटलाच तर तारेचा काथ्या लावू नका, नॉनस्टिक थर निघतो. इस्त्री मंद तापवा, चिकटलेला नायलॉन मऊ झाला की लाकडी उलथन्याने खरवडा आणि जुन्या सुती फडक्यावर फिरवून पुसा. खिडकी उघडी ठेवा. वितळलेल्या नायलॉनला बोट लावायचं नाही. तो कातडीला चिकटून भाजतच राहतो. बॅगेच्या पट्ट्याच्या दशा लायटरने बंद करतानाही हेच: टोक ज्योतीच्या शेजारी धरायचं, आत नाही, आणि वितळलेली कड ओल्या चमच्याने दाबायची.

शेवटचा शत्रू बाइकचा सायलेन्सर. विंडचीटरचं टोक त्याला टेकलं की क्षणात भोक, कडेला कडक काळसर किनार. ती किनार कापू नका. वितळून बंद झालेली कड उसवत नाही, जळण्याचा एवढाच फायदा आहे, तो तरी पदरात पडू द्या. आजूबाजूची जागा स्पिरिटने पुसा, चिकटणाऱ्या नायलॉन टेपचे दोन तुकडे भोकापेक्षा सगळीकडून दोन सेंटीमीटर मोठे कापा, कोपरे गोल करा (टोकदार कोपरे आधी सुटतात), एक आतून, एक बाहेरून लावा आणि रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवा. दुकानदार इस्त्रीने चिकटणारा पॅच दाखवील, तो स्वस्तही असेल. तो घेऊ नका. त्याचा गोंद नीट वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात विंडचीटर मऊ पडून खराब होण्याची भीती असते.