गाळलेली जागा आणि फुकटचं उत्तर : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया : «सर, गाळलेल्या जागांवरचा तुमचा लेख वाचला, पण पटला नाही. तुम्ही वाक्यातल्या सगळ्या खुणा काढायला सांगता. मग पोरगं उत्तर काढणार कशावरून? एका जागी चार उत्तरं बसतात आणि तपासताना आपलीच पंचाईत होते. शिवाय क्लोझ म्हणजे दर पाचवा शब्द गाळायचा, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं. आमची पोरं घरी वऱ्हाडी बोलतात, मेळघाटाकडून आलेली काही तर कोरकू. त्यांना आधार द्यायचा की कोडी घालायची?» — एक शिक्षक, यवतमाळ जिल्हा

नमस्कार सर,

दर पाचव्या शब्दाचं आधी सांगतो, कारण ते लवकर संपतं. विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये क्लोझची पद्धत मांडली ती उतारा वाचायला किती सोपा आहे हे मोजण्यासाठी. ठराविक अंतराने शब्द गाळले की कुठे नाम जातं, कुठे अव्यय, कुठे क्रियापद. एकूण भाषा अजमावायला ते ठीक आहे. आपल्याला मात्र एकच नियम तपासायचा असतो, त्यामुळे जागा मोजून गाळता येत नाही, निवडूनच गाळावी लागते.

आता मुख्य मुद्दा. मी आधार काढा म्हणत नाही, उत्तर सांगून टाकणारी खूण काढा म्हणतो. या दोन गोष्टी वेगळ्या कशा, ते एका नियमावर दाखवतो. सहावीच्या पोरांना आपण शिकवतो की भूतकाळात कर्त्याला «ने» लागला आणि कर्माला «ला» नसला, की क्रियापद कर्माप्रमाणे चालतं. पुस्तकाच्या भाषेत कर्मणी प्रयोग. यावरचा नेहमीचा स्वाध्याय असा असतो :

सीमाने भाकरी ____. (भाजणे)
राजूने मोठा आंबा ____. (खाणे)
आईने पांढरी साडी ____. (धुणे)

ज्या पोराला वाटतं की क्रियापद कर्त्याप्रमाणे चालतं, त्याला हे सोडवायला द्या. सीमा मुलगी, म्हणून «भाजली». राजू मुलगा, म्हणून «खाल्ला». आई बाई, म्हणून «धुतली». तिन्ही बरोबर! नियम उलटा शिकलेल्या पोराला पैकीच्या पैकी मिळतात आणि आपण पुढच्या धड्याकडे वळतो. दुसरं पोरगं कर्ता-कर्म काही न बघता नुसत्या आवाजावर चालतं : भाकरी–भाजली, आंबा–खाल्ला. त्यालाही पैकीच्या पैकी. आणि «मोठा», «पांढरी» ही विशेषणं तर शेवटचं अक्षर हातातच ठेवतात.

म्हणून स्वाध्याय काढला की मी तो आधी चुकीच्या नियमांनी सोडवून बघतो. एकदा कर्त्याप्रमाणे, एकदा सगळीकडे «ले» लावून, एकदा आवाजावरून. चुकीच्या नियमाने भरपूर गुण पडत असतील तर वाक्यं बदलायची. दुसरी तपासणी याहून सोपी : कर्मावर बोट ठेवून ते झाकायचं आणि वाक्य वाचायचं. «राजूने मोठा … ____» यात आंबा झाकला तरी «खाल्ला» सुचतं. झाकूनही उत्तर येतंय, म्हणजे त्या जागेने कर्माकडे बघायची गरजच ठेवलेली नाही.

दुरुस्ती करताना पहिलं काम नामांची निवड. आपल्याला अशी नामं हवीत ज्यांचं लिंग पोराला बोलण्यातून पक्कं माहीत आहे, पण शेवटचा आवाज ते सांगून टाकत नाही. आपल्याकडे त्यांची काय वाण! कापूस, दोर, भात पुल्लिंगी. तूर, कुऱ्हाड, डाळ, भिंत स्त्रीलिंगी. दुसरं काम, कर्ता आणि कर्म यांची लिंगं वेगळी ठेवायची. सीमाने कापूस वेचला, राजूने तूर विकली. इथे कर्त्यामागे जाणारं पोर «वेचली», «विकला» लिहिणार आणि लगेच सापडणार.

पण इथे एक नवी फट पडते, आणि पोरं ती आपल्या आधी हेरतात. प्रत्येक वाक्यात कर्ता आणि कर्म विरुद्ध लिंगाचे ठेवले, तर बाई दिसली की «ला», बाप्या दिसला की «ली», एवढं कळलं की काम झालं. म्हणून एक-दोन वाक्यं मुद्दाम समान लिंगाची मिसळायची. माझा संच असा आहे :

१. सीमाने काल कापूस ____. (वेचणे)
२. राजूने काल बाजारात तूर ____. (विकणे)
३. राजूने काल रात्री भात ____. (खाणे)
४. मामाने काल सकाळी कुऱ्हाड ____. (उचलणे)
५. काकूने काल दोर ____. (कापणे)
६. राजूने काल पिशवीत पुस्तके ____. (ठेवणे)
७. काकूने काल रात्री डाळ ____. (शिजवणे)
८. मामाने गेल्या पोळ्याआधी भिंती ____. (सारवणे)

कर्त्याप्रमाणे चालणाऱ्याची फक्त तिसरी आणि सातवी जागा बरोबर येते, आठात दोन. सगळीकडे «ले» लिहिणाऱ्याला शून्य. आवाजावर चालणारा सहाव्यात «ठेवले» आणि आठव्यात «सारवली» लिहितो, कारण «पुस्तके» ए-कारान्त आणि «भिंती» ई-कारान्त. बरोबर उत्तरं आहेत «ठेवली» आणि «सारवल्या». उलटं लिंग लावणारा पाच मिळवतो, पण तीन, सात आणि आठ या जागी अडकतो. म्हणजे नुसते गुण बघायचे नाहीत, कुठली जागा चुकली ते बघायचं. एका मुलीच्या कागदावर «वेचली, विकला, कापली» ओळीने आलेलं दिसलं, तर तिला नियम येत नाही असं नाही. ती एक नियम चोख पाळते आहे, फक्त तो कर्तरी प्रयोगाचा आहे. तिला पुन्हा सगळं व्याकरण शिकवायचं नाही, «ने» कडे बोट दाखवायचं आहे.

तुमच्या लक्षात आलं असेल की आठही उत्तरांत «ले» कुठेच नाही. ते मुद्दाम. «बाबांनी शेत नांगरले» हे वाक्य घ्या. शेत नपुंसकलिंगी, म्हणून «नांगरले» बरोबर. पण बाबांना मान द्यायचा म्हणून «नांगरले» लिहिणारा पोरगाही बरोबर ठरतो, आणि काहीच सुचलं नाही की «ले» लावणाराही. तीन वाटा एकाच उत्तराला येतात, आणि कोण कुठून आला ते कागद सांगत नाही. म्हणून पहिल्या कागदावर आदरार्थी कर्ते नकोत, नपुंसकलिंगी एकवचनही नको.

आता तुमची तक्रार की एका जागी चार उत्तरं बसतात. ती रास्त आहे, आणि म्हणूनच कंसातला धातू मी कधीच काढत नाही. तो काढला तर पोराचा शब्दसाठा तपासला जातो, नियम नाही. «काल», «गेल्या» हेही त्यासाठीच ठेवलेत, नाहीतर «वेचावा» लिहिणाऱ्याला चूक कसं म्हणणार? तरी कुणी «वेचला होता» लिहिलंच, तर बरोबर द्यायचं, कारण कर्माशी जुळणी झालेली आहे. पर्याय द्यायचे असतील तर चारही त्याच धातूचे आणि त्याच काळाचे हवेत : वेचला, वेचली, वेचले, वेचल्या. «वेचतो, वेचणार, वेचला, वेचली» असे दिले तर «ने» आणि «काल» बघून पहिले दोन आपोआप गळतात आणि उरलेल्या दोघांत नाणं उडवता येतं.

वऱ्हाडीचं म्हणाल तर या नियमाला ती बहुतेक आडवी येत नाही. घरी पोरगं «सीमानं कापूस येचला» म्हणतं तेव्हा जुळणी अगदी पक्की असते. कागदावर «येचला» आलं तर या जागेचा गुण पूर्ण द्या. «येचला» ऐवजी «वेचला» लिहायला शिकवणं हा वेगळा धडा आहे, त्याचे गुण इथे कापले तर कागद दोन गोष्टी एकदम मोजायला लागतो आणि कुठलीच नीट मोजत नाही.

कोरकू पोरांचं मात्र वेगळं आहे, आणि तुमचा आधाराचा प्रश्न इथेच खरा लागू होतो. कोरकूत नामांची विभागणी सजीव-निर्जीव अशी आहे. कापूस पुल्लिंगी आणि तूर स्त्रीलिंगी हे त्या पोराला घरातून मिळत नाही. गोंडी बोलणाऱ्या घरांतही पुरुष एका बाजूला आणि बाकी बहुतेक सगळं दुसऱ्या बाजूला अशी वाटणी आहे, आपल्या तीन लिंगांशी ती जुळत नाही. अशा पोराने «कापूस वेचली» लिहिलं तर नियम चुकला की लिंगच माहीत नव्हतं, हे कळायला मार्ग नाही.

त्यासाठी कागदाच्या वर एक चौकट छापतो :

तो राजू, तो मामा, ती सीमा, ती काकू
हा कापूस, हा दोर, हा भात, ही तूर, ही कुऱ्हाड, ही डाळ, ही भिंत, हे पुस्तक

यात लिंग उघड सांगितलं आहे, आणि तरी उत्तर फुटत नाही. का? कारण चौकट कर्त्याचंही लिंग सांगते आणि कर्माचंही. पहिल्या वाक्यासाठी «ती सीमा» आणि «हा कापूस» दोन्ही समोर आहेत. क्रियापदाने कुणाचं ऐकायचं, हे पोरालाच ठरवावं लागतं, आणि आपल्याला तेवढंच तपासायचं आहे. हाच «हा» वाक्यात कापसाला चिकटवला असता तर पोराने सरळ जवळचा आवाज उचलला असता. चौकट द्यायची नसेल तर आदल्या दिवशी वस्तू दाखवून तोंडी विचारा, हा म्हणाल, ही म्हणाल की हे? ज्या नामावर वर्ग अडखळेल ते कागदावर घेऊ नका.

धातू निवडतानाही सांभाळा. शिकणे, विसरणे, बोलणे यांना कर्म असलं तरी भूतकाळात कर्त्याला «ने» लागत नाही : सीमा धडा शिकली, राजू दप्तर विसरला. असा एखादा धातू नकळत संचात आला तर नियम नीट शिकलेलं पोरच चुकतं. «मी» आणि «तू» सुद्धा पहिल्या कागदावर नकोत, कारण त्यांना «ने» दिसत नाही. «सीमाने बैल बांधला» आणि «सीमाने बैलाला बांधले» ही जोडी तर फार चांगली आहे, पण तिचा स्वतंत्र कागद करा.

या आठ जागा बरोबर आल्या म्हणजे निबंधातही जुळणी बरोबर येईल, असं मात्र धरू नका. इथे कर्म क्रियापदाला चिकटून आहे. निबंधात पोरगं «सीमाने कापूस मावशीच्या शेतातून दुपारपर्यंत भर उन्हात …» असं लांब लिहीत जातं आणि तोवर कर्ताच डोक्यात घोळत राहतो. तेव्हा दुसऱ्या कागदावर कर्म वाक्याच्या सुरुवातीला न्या : «कापूस सीमाने काल दुपारपर्यंत मावशीच्या शेतात ____. (वेचणे)». तुमच्या वर्गात दोन्ही कागद सोडवून घेतलेत, तर कुठल्या जागा चुकल्या ते इथे खाली लिहा. कोरकू पोरांचे कागद वेगळे काढून लिहिलंत तर फार बरं होईल.