मेथोट्रेक्सेट ७.५. बस, एवढंच. पुढं काहीच नाही

रात्रीचे दहा चाळीस. शटर अर्धं खाली, पोरगा झाडू मारून राहिला, मी गल्ला मोजून राहिलो, आणि मोबाइल वाजला. अनोळखी नंबर, फोटोच्या जागी गुलाबाचं फूल. मेसेज काय, तर 'मेथोट्रेक्सेट ७.५'. संपलं. नमस्कार नाही, नाव नाही, अरे एखादं प्रश्नचिन्ह तरी टाका ना बाप्पा, तेही नाही.

आता यावरून मी काय समजावं? दुकानात आहे का विचारून राहिले? भाव विचारून राहिले? आईला सुरू झाली म्हणून धास्ती भरली? लेकरानं गिळली? की पाठवायचं होतं बायकोला आणि आलं मला? बावीस वर्षं काउंटरवर उभा आहे मी, धरमपेठेतल्या बायका नुसत्या भुवयांवरून अ‍ॅसिडिटी की डोकेदुखी ते ओळखतो, पण दोन शब्दांवरून ओळखायला मी काय ज्योतिषी आहे?

खरं सांगतो, पहिलं उत्तर मी टाइप केलं होतं 'आहे. चिठ्ठी आणा.' अंगठा बटणावर गेलाच होता. मग गोळीचं नाव परत वाचलं आणि थांबलो. दुसरी एखादी गोळी असती तर पाठवून घरी गेलो असतो, उगाच कशाला खोटं बोलू.

ही गोळी आमवाताला आणि सोरायसिसला देतात तेव्हा आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. एक वार ठरवायचा आणि त्या वारी. रोज नाही. आणि आपल्या घरात गोळी म्हणजे काय, तर बीपीची रोज, शुगरची रोज, थायरॉइडची रोज, मग हीच एकटी रोज नाही हे कोणाच्या डोक्यात बसणार? सांधे ठणकून राहिले की माणूस म्हणतो एका गोळीनं थोडं बरं वाटतं तर रोज घेतो, लवकर बरं होईल. म्हणून या नावाचा मेसेज आला की 'आहे' किंवा 'नाही' हे उत्तरच नाही. समोरचा परत मेसेज करेलच याची गॅरंटी नसते, त्यामुळे पहिल्याच उत्तरात जीव वाचवणारी गोष्ट गेली पाहिजे, चौकशी नंतर.

तर मी पाठवलेलं जसंच्या तसं देतो: 'नमस्कार. ही गोळी संधिवात किंवा सोरायसिससाठी असेल तर आठवड्यातून एकदाच असते, रोज नाही. चुकून रोज घेतली गेली असेल, किंवा तोंड आलं, ताप, जुलाब असं काही असेल तर पुढची गोळी देऊ नका आणि आत्ताच मला फोन करा. कोणासाठी आहे, वय किती, आणि आतापर्यंत किती गोळ्या कोणत्या दिवशी घेतल्या एवढं सांगा.'

दोन निळ्या टिका आल्या आणि मग शांतता. सतरा मिनिटं. मी घरी जाऊ शकत नाही, पोरगा माझ्याकडे पाहून राहिला, बाहेर कुत्री भुंकून राहिली. सतरा मिनिटांनी उत्तर आलं: 'आई घेते. ६ दिवस झाले. तोंड आलं म्हणून बी कॉम्प्लेक्स चालेल का विचारायचं होतं.'

विचारायचं होतं! अरे भाऊ, मग विचारायचं ना! आई, सहा दिवस, तोंड आलं, सगळं पोटात दाबून ठेवलं आणि मला पाठवलं काय तर गोळीचं नाव. तोंड आलं हीच तर सगळ्यात मोठी बातमी होती. ही गोळी फॉलिक अ‍ॅसिडचं शरीरातलं काम अडवते, आणि मग ज्या पेशी भराभर तयार होतात त्यांनाच आधी मार बसतो, म्हणजे तोंडाचं आतलं अस्तर, आतडं, आणि हाडाच्या आतला मगज जिथं रक्त बनतं तो. तोंडातले फोड आपल्याला दिसतात, आत रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होऊन राहिल्या ते दिसत नाही. आणि हे बसले बी कॉम्प्लेक्स धरून.

फोन लावला. आई बासष्ट वर्षांची, हातापायाची बोटं सुजलेली, डॉक्टरनं चिठ्ठीवर नीट लिहिलं होतं की सोमवारी एक. कुठल्यातरी दुकानातल्या माणसानं पुडीवर काय लिहावं? '१ स.' स म्हणजे सोमवार. घरी वाचलं स म्हणजे सकाळ. एका अक्षरासाठी सहा आठवड्यांचा डोस सहा दिवसांत पोटात. त्या 'स' वर माझा राग अजून उतरला नाही. पूर्ण वार लिहायला किती शाई लागते हो? हात दुखतो का? तेव्हापासून मी स्वतः पुडीवर 'फक्त सोमवारी, रोज नाही' असं सबंध लिहून राहिलो, मोठ्या अक्षरात, पोरगा म्हणते काका पुडी लहान आहे, मी म्हटलं मोठी आण.

फोनवर विचारलं लघवी कशी आहे. म्हणे दोन दिवस कमीच होते, तोंड दुखते म्हणून पाणीही पीत नाही. मे महिन्यातलं नागपूर, आणि पाणी बंद. ही गोळी बाहेर निघते ती मुख्यतः किडनीतून, आणि पाण्याविना किडनी मंदावली की आहे तेच औषध अंगात साचत जाते. मग विचारलं दुसरी कोणती गोळी, सांध्यासाठी पेनकिलर, लघवीच्या इन्फेक्शनसाठी सल्फाची गोळी? सल्फा म्हणजे कोट्रायमॉक्साझोल, ती याच्यासोबत घेतली की रक्तावर दुप्पट घाव. नशीब, सल्फा नव्हती. पेनकिलर होती, ती मनानंच सुरू केलेली, तिनंही किडनीवर जोर पडतो.

मग स्पष्ट सांगितलं, सकाळची वाट पाहू नका, आत्ता न्या, मेडिकल कॉलेजच्या नाहीतर मेयो हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत, नाहीतर जिथं तुमचं चालू आहे तिथं, गाडी नसेल तर १०८ लावा. स्ट्रिप आणि ती पुडी दोन्ही सोबत ठेवा आणि दारातच पहिलं वाक्य असं म्हणा की आठवड्याची गोळी रोज घेतली, सहा दिवस. 'तोंड आलं' असं म्हटलं तर कोणी जेल लिहून वापस पाठवेल. तर हा म्हणते, काका, घरी फॉलिक अ‍ॅसिड आहे, ते दोन गोळ्या देऊन पाहू का? नाही ना! जी पायरी मेथोट्रेक्सेटनं अडवून ठेवली तीच पायरी फॉलिक अ‍ॅसिडला चढावी लागते, ते वरती पोचणारच नाही. दवाखान्यात देतात ते फोलिनिक अ‍ॅसिड, ल्युकोव्होरिन, त्याला ती पायरी चढायची गरजच नाही, सरळ पलीकडे उतरते. नावं जुळी, काम वेगळं. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी एकवीसशेवर आलेल्या, क्रिएटिनिन वाढलेलं. इंजेक्शन सुरू झाले, सलाइन लागलं, अडीच दिवसांनी तोंडाचे फोड उतरू लागले. वाचली म्हातारी.

या निमित्तानं जुनं सगळं वर येऊन राहिलं, तर ऐकाच. गोळीचं नाव छापलेला भागच कापून टाकलेल्या स्ट्रिपचा फोटो, ज्यावर फक्त चांदी चमकते. 'ती पांढरी छोटी'. 'आधीची तीच'. आणि आमच्याच लाइनीतले शहाणे, ज्यांना कोणी गोळीचं नाव पाठवलं की हे आतलं पत्रक उचलून चाळीस साइड इफेक्ट चिकटवतात, उलटी चक्कर खाज केस गळणं, समोरचा घाबरून जी गोळी बंद करायची नाही ती बंद करते. दुसरे त्याहून शहाणे, नुसतं 'डॉक्टरांना विचारा' लिहून झोपतात. विचारणारच आहेत, पण कधी विचारायचं, आत्ता की सोमवारी, ते कोण सांगेल?

आणि एक गोष्ट चिडून नाही, सरळ सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका पोरीनं नुसतं 'पॅरासिटामॉल' लिहून पाठवलं होतं. त्या वेळी मी 'ताप किती?' असं लिहिलं. नशिबानं माझ्या बायकोनं विचारलं, कोणी जास्त तर नाही ना घेतल्या? विचारलं तेव्हा कळलं, होय, पंधरा-वीस, चार तास झाले, बरं वाटते. बरंच वाटते पहिल्या दिवशी, लिव्हरचं नुकसान नंतर दिसते, आणि उतारा अ‍ॅसिटिलसिस्टीन, तो आठ तासांच्या आत सुरू झाला तर सगळ्यात चांगला. ती वेळेत पोचली. तेव्हापासून पॅरासिटामॉलचं नुसतं नाव आलं की मी सरळ विचारतो, 'कोणी ठरल्यापेक्षा जास्त घेतली का?', लाजत नाही, रागावत नाही, उपदेश तर मुळीच नाही, कारण उपदेश आला की समोरचा ऑफलाइन जाते.

मेथोट्रेक्सेटच्या त्या रात्री साडेबाराला घरी येऊन हे सगळं मी बायकोला हातवारे करून सांगून राहिलो, लोकांना लिहिताच येत नाही म्हणून. ती शांतपणे तिचा मोबाइल घेऊन आली आणि दुपारचा माझा मेसेज दाखवला. 'सांभार'. एवढाच. मी स्वतः पाठवलेला. आता ती पुण्याची, अठरा वर्षं झाली नागपुरात येऊन, तिला माहीत आहे आमच्याकडे सांभार म्हणजे कोथिंबीर, पण पहिल्या वर्षी याच एका शब्दावर तिनं दोन तास खपून इडलीसोबतचं सांबार करून ठेवलं होतं, आणि मी डबा उघडून विचारलं होतं, सांभार कुठाय? तिनं फक्त एवढंच विचारलं, 'किती, कशाला, आणि कधीपर्यंत, हे तुझ्या गिऱ्हाइकांनी लिहायचं, तू नाही, असं आहे का?' मी निमूट जेवलो. कोथिंबीर नव्हतीच भाजीत.

परवा सकाळी आठला त्याच गुलाबाच्या फुलावरून मेसेज आला. आईची तब्येत कशी आहे, घरी आली का, हे त्यातूनच समजून घ्यायचं होतं बहुतेक.

'फॉलिक अ‍ॅसिड ५'

मी एक लांब श्वास घेतला आणि टाइप करायला सुरुवात केली, 'नमस्कार. कोणासाठी, आणि डॉक्टरांनी कोणत्या वारी सांगितली आहे...'