बाकी, विभाज्यता आणि मसावि: चार युक्त्यांच्या त्या मेसेजला उत्तर

“बाकी, विभाज्यता, मसावि-लसावि यांच्यासाठी एवढंच पाठ करा, पेपरात एकही प्रश्न चुकणार नाही. (१) मोठा घात दिसला की घाताला भाजकापेक्षा एकने कमी संख्येने भागा. उरेल ती बाकी हाच नवा घात. (२) २४ ने भाग जातो का बघायचंय? ४ आणि ६ ने जातो का बघा. सगळ्या संयुक्त संख्यांना हीच पद्धत. (३) भाज्य आणि भाजक दोघांना एकच संख्या भाग देत असेल तर आधी काटाकाट करा, मग बाकी काढा. (४) ‘मोठ्यात मोठी’ आलं की मसावि, ‘लहानात लहान’ आलं की लसावि.”

संध्याकाळी अभ्यासिकेत मी अंकगणित घेतो. मागच्या आठवड्यात तलाठी भरतीची तयारी करणाऱ्या एका मुलीने कच्च्या कामाचा कागद माझ्यापुढे धरला. प्रश्न होता: २ च्या ५० व्या घाताला १५ ने भागल्यास बाकी किती? तिने ५० ला १४ ने भागलं, बाकी ८ आली. २ चा ८ वा घात २५६. पंधरा गुणिले सतरा म्हणजे २५५, म्हणून बाकी १. एकही आकडा चुकलेला नाही, अक्षर सुवाच्य, आणि उत्तर मात्र चूक. “सर, मग चुकलं कुठे?” हा तिचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर तिच्या कागदावर नव्हतंच. ते वरच्या मेसेजमधून गाळलेल्या अर्ध्या वाक्यात होतं.

आधी खरं उत्तर बघू. २, ४, ८, १६ यांना १५ ने भागत गेलं तर बाकी येते २, ४, ८, १. एकदा १ आला की तेच चक्र पुन्हा सुरू, म्हणजे दर चार घातांनी फेरा पूर्ण होतो. ५० मध्ये चारचे बारा फेरे आणि वर २ उरतात, म्हणून बाकी ४.

भाजकातून एक वजा करण्याचा नियम फर्माचा. १६४० साली एका पत्रात त्याने तो मांडला, आणि तो मूळ संख्येसाठीच आहे. ३ च्या ५० व्या घाताला १७ ने भागायचं असेल तर खुशाल ५० ला १६ ने भागा. बाकी २, ३ चा वर्ग ९, उत्तर ९. इथे १७ मूळ आहे आणि ३ ला १७ ने भाग जात नाही, म्हणून नियम चालतो. १५ मूळ नाही, म्हणून १४ चा इथे काही संबंधच नाही.

मग १५ साठी काय घ्यायचं? १ ते १५ मधल्या ज्या संख्यांचा १५ शी १ सोडून दुसरा सामाईक अवयव नाही, त्या मोजायच्या: १, २, ४, ७, ८, ११, १३, १४. आठ झाल्या. १४ च्या जागी हा ८ घ्या. ५० ला ८ ने भागून बाकी २, २ चा वर्ग ४, उत्तर जुळलं. भाजक मूळ असेल तर त्याच्याखालच्या सगळ्याच संख्या या मोजणीत येतात, म्हणून तिथे ‘एकने कमी’ मिळतं. हा विस्तार ऑयलरचा. मोजत बसायला वेळ नसेल तर १५ चे मूळ अवयव ३ आणि ५ घ्या आणि १५ ला आधी २/३ ने, मग ४/५ ने गुणा: १५ चे १०, १० चे ८.

पण हा ८ सुद्धा कुठेही लावता येत नाही. ६ च्या १६ व्या घाताला १५ ने भागा. १६ ला ८ ने भागून बाकी ०, ६ चा शून्यावा घात १, म्हणून उत्तर १ असं वाटेल. आता एक गोष्ट बघा. ६ च्या घाताला ३ ने भाग जातो, १५ लाही जातो. ३ च्या पटीतून ३ ची पट कितीही वेळा वजा केली तरी उरणारी संख्या ३ चीच पट असते. मग बाकी १ येईलच कशी? खरी बाकी ६ आहे: ३६ मधून ३० गेले की ६ उरतात, आणि पुढे कितीही घात वाढवा, ६ च उरतात.

भाज्य आणि भाजक यांचा सामाईक अवयव बाकीतही उतरतो. माझ्या मते हे एक वाक्य त्या चारही युक्त्यांपेक्षा जास्त कामाचं आहे, कारण चुकीचं उत्तर पकडायला ते पुष्कळदा पुरतं. पर्याय समोर असतात तेव्हा तर आकडेमोडीआधीच एक-दोन पर्याय त्याने बाद होतात.

तिसरा मुद्दा याच वाक्यावर तपासता येतो, म्हणून आधी तो घेतो. ९० लाडू आहेत, एका डब्यात २४ मावतात. तीन डबे भरले, १८ लाडू उरले. आता तेच लाडू सहा-सहाच्या पुड्यांत बांधा. ९० लाडवांचे १५ पुडे, डब्यात ४ पुडे मावतात, ३ पुडे उरले. काटाकाट करणारा इथे ‘३’ लिहून मोकळा होतो. पण हे ३ पुडे आहेत, लाडू १८ च. भागाकार दोन्हीकडे तोच येतो, बाकी मात्र काटलेल्या संख्येने भागली जाऊन लहान होते. ९० आणि २४ दोघांना ६ ने भाग जातो, मग बाकी ६ च्या पटीत हवी. ३ दिसल्याबरोबर शंका यायला हवी.

काटूच नका असं मी म्हणत नाही. काटा, आणि शेवटी परत गुणा. २ च्या ३५ व्या घाताला १२ ने भागायचं तर ४ ने काटा: वर २ चा ३३ वा घात, खाली ३. २ च्या विषम घाताला ३ ने भागलं की बाकी २ येते. तिला ४ ने गुणलं की ८, आणि तेच उत्तर.

आता दुसरा मुद्दा. तो इतका टिकून का राहिला हे समजायला हवं, कारण पुष्कळदा तो खरंच बरोबर उत्तर देतो. ४७क२ या संख्येला २४ ने निःशेष भाग जातो, तर क किती? ४ ने भाग जायला क विषम हवा. ६ ने जायला ती सम आहेच, अंकांची बेरीज १३ + क ही ३ च्या पटीत हवी, म्हणून क २, ५ किंवा ८. दोन्ही अटींत ५ बसतो. ४७५२ ला २४ ने भागून १९८. उत्तर बरोबर! असे दोन प्रश्न सुटले की मूल ती पद्धत कायमची उचलतं.

मग ५३क४ हा प्रश्न येतो, आणि क ची मोठ्यात मोठी किंमत विचारलेली असते. ४ ने भाग जायला क सम हवा, ३ ने जायला १२ + क ही ३ ची पट हवी. दोन्हीत ० आणि ६ बसतात, म्हणून उत्तर ६. पर्यायांत ६ असतोच. पण ५३६४ ला २४ ने भागलं तर १२ उरतात.

२४ मध्ये २ हा अवयव तीनदा आहे. ४ ने भाग गेला म्हणजे दोन वेळा २ असल्याची खात्री झाली. ६ मधला २ त्याच दोनांपैकी एक असू शकतो, नवा असेलच असं नाही. म्हणून ४ आणि ६ यांच्यातून खात्री मिळते ती त्यांच्या लसाविची, म्हणजे १२ ची. ३६ घ्या: ४ ने जातो, ६ ने जातो, २४ ने जात नाही. भाजक फोडायचा तो सहमूळ संख्यांत, २४ साठी ३ आणि ८. ८ साठी शेवटचे तीन अंक बघा: ३०४ ला भाग जातो, ३६४ ला जात नाही. क फक्त ०, आणि ५३०४ ला २४ ने भागून २२१. याच कारणाने ७२ साठी ८ आणि ९ घ्यायचे, ६ आणि १२ नाही; ३६ साठी ४ आणि ९ घ्यायचे, ३ आणि १२ नाही.

चौथ्या मुद्द्यात शब्द बघून पद्धत ठरवली आहे. ‘१२, १५ आणि १८ ने भागल्यास प्रत्येक वेळी ५ बाकी देणारी चार अंकी मोठ्यात मोठी संख्या कोणती?’ इथे ‘मोठ्यात मोठी’ आहे आणि काम लसाविचं आहे. लसावि १८०, चार अंकांतली त्याची शेवटची पट ९९००, अधिक ५, म्हणजे ९९०५. विचारलेली संख्या भाजक आहे की भाज्य, हे बघायचं. दिलेल्या संख्यांना भागणारी हवी असेल तर मसावि, त्यांनी भागली जाणारी हवी असेल तर लसावि.

मसाविच्या प्रश्नांतही एक प्रकार असा येतो की दिलेल्या संख्यांचा मसावि काढणारा फसतो. ‘७७, १४७ आणि २५२ यांना कोणत्या मोठ्यात मोठ्या संख्येने भागल्यास सारखीच बाकी उरते?’ या तिघांचा मसावि ७. पण बाकी सारखी असेल तर वजाबाकीत ती नाहीशी होते, म्हणून फरक घ्या: ७०, १०५, १७५. त्यांचा मसावि ३५. पडताळा: ७७ मधून ७०, १४७ मधून १४०, २५२ मधून २४५ गेले, तिन्हीकडे ७ च उरले. बाकी किती ते प्रश्नात दिलेलं नव्हतं, आणि त्याची गरजही पडली नाही.

मोठ्या संख्यांचा मसावि भागाकार पद्धतीने काढतो, तिच्या मुळाशीही वरचंच वाक्य आहे. मोठीला लहानीने भागायचं, सामाईक अवयव बाकीत उतरतो, म्हणून आता लहानीला बाकीने भागायचं, शून्य येईपर्यंत. दोन भाजकांनी ठरावीक बाक्या देणारी संख्या शोधायला आर्यभटाने जो कुट्टक दिला, तोही याच भागत जाण्यावर उभा आहे.

आणखी एक तपासणी त्या मेसेजमध्ये कुठेच नाही. मागच्या वर्षी एका सराव संचात प्रश्न होता: ‘कोणत्या मोठ्यात मोठ्या संख्येने ३५ ला भागल्यास ५ आणि ५० ला भागल्यास १० बाकी उरते?’ बाकी वजा केली, ३० आणि ४०, मसावि १०. उत्तरसूचीतही १० च छापलेलं होतं. पण १० ने ५० ला भागलं तर काहीच उरत नाही. १० बाकी उरायला भाजक १० पेक्षा मोठा हवा, आणि ३० व ४० या दोघांना भाग देणारी १० पेक्षा मोठी संख्याच नाही. त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. वर्गातल्या एका मुलाने मसावि काढल्यावर तो ३५ आणि ५० मध्ये परत घालून पाहिला, म्हणून ते लक्षात आलं.