सव्वा लॉट

निफ्टीच्या चार्टमध्ये मला माणूस दिसू लागला, तेव्हाच मी लॅपटॉप मिटायला हवा होता. डावा खांदा, मधे डोकं, उजवा खांदा, आणि 23,900 वर मी स्वतः ओढलेली नेकलाइन, म्हणजे खांद्यांखालची रेघ; ती तुटली की बाजार कोसळतो म्हणतात. निफ्टी होता 24,000 वर. म्हणजे मान मोडायला फक्त शंभर पॉइंट उरले होते.

माझा पोर्टफोलिओ 18 लाखांचा. विकावा तर नफ्यावर कर, शिवाय काही शेअरांशी घरोबा झालेला. म्हणून ठरवलं, शेअर ठेवायचे आणि निफ्टीचं पुट, म्हणजे ठरलेल्या भावाला निफ्टी विकायचा हक्क, घेऊन विमा उतरवायचा. पुट सुटं मिळत नाही, लॉटनं घ्यावं लागतं; तेव्हा लॉट 75 चा होता. 24,000 गुणिले 75, बरोबर 18 लाख! हिशेब इतका चोख जुळला की पत्रिका जुळल्यासारखं वाटलं.

पण पत्रिकेत बीटा होता. माझ्याकडे मिडकॅप, म्हणजे मध्यम कंपन्यांचे शेअरच जास्त. निफ्टी एक टक्का पडला की माझे शेअर साधारण 1.3 टक्के पडणार. म्हणजे पुटंही 1.3 लॉट हवीत. सव्वा किलो पेढे मिळतात, सव्वा लॉट मिळत नाही. दोन घेतले तर विमा घरापेक्षा मोठा, एक घेतला तर छप्पर थोडं उघडं. मी एकच घेतला.

23,500 चं पुट, महिन्याभराची मुदत, भाव 220. एकूण 16,500 रुपये.

"म्हणजे बाजार पडला की हे सगळं भरून मिळणार?" बायकोनं विचारलं.

"पहिले 500 पॉइंट आपले. त्याच्या खाली पडला तर मिळणार. त्यातही 220 पॉइंट प्रीमियम वसूल होण्यात जाणार."

"आणि नाहीच पडला तर?"

"तर साडेसोळा हजार गेले."

"अहो, मग आपण नक्की कशासाठी प्रार्थना करायची?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. पुट घेतलेल्या माणसाला सकाळी हिरवा बाजार दिसला की पुटाचं दुःख होतं आणि लाल दिसला की शेअरांचं.

चौथ्या दिवशी नेकलाइन तुटली. निफ्टी 23,600 वर, बाजाराची भीती मोजणारा इंडिया व्हिक्स 17 वरून 20 वर. निफ्टी अजून 23,500 च्या वर, म्हणजे पुट 'आउट ऑफ द मनी' होतं, तरी भाव 410! घाबरलेल्या बाजारात विमा महागतो, तो असा. कागदावर मला 14,250 रुपयांचा फायदा झाला होता. त्याच दिवसांत शेअरांनी 39 हजार घालवले होते. ते मी घरी सांगितलं नाही. चार्ट वाचता येतो म्हणून मी स्वतःलाच चहा पाजला.

पुढच्या आठवड्यात निफ्टी 24,050 वर परतला. मान मोडलीच नव्हती, नुसती लचकली होती. व्हिक्स 14 वर आला आणि पुट 80 वर. खरं तर त्याच दिवशी ते विकायला हवं होतं. नेकलाइन तुटेल या भीतीनं विमा घेतला होता. निर्देशांक पुन्हा तिच्या वर बंद झाला, म्हणजे कारणच संपलं. 6,000 तरी परत आले असते. पण 220 ला घेतलेली वस्तू 80 ला विकायची? आमच्या घरात जुनी छत्रीसुद्धा विकत नाहीत.

मग काळ त्याचं काम करू लागला. निफ्टी जागच्या जागी आणि पुटाचा भाव मात्र रोज थोडा कमी, फ्रिजबाहेर ठेवलेल्या श्रीखंडासारखा. त्यात नवाच प्रकार झाला. चार-पाच बड्या शेअरांनी निफ्टीला धरून ठेवलं आणि माझे मिडकॅप निवांत घसरत राहिले. विमा होता बंगल्याचा, आणि आग लागली होती माझ्या चाळीला.

शेवटच्या दोन दिवसांत निफ्टीही पडला. एक्स्पायरीच्या दिवशी दुपारी 3:25 ला स्क्रीनवर 23,490! मी ओरडलो, "आलं, आत आलं!" बायको धावत आली. किती मिळणार, म्हणाली. दहा पॉइंट गुणिले 75, साडेसातशे रुपये. ती तशीच परत गेली.

तेही मिळाले नाहीत. सेटलमेंट स्क्रीनवरच्या शेवटच्या आकड्यावर होत नाही. निर्देशांकाचा बंद भाव त्यातल्या शेअरांच्या शेवटच्या अर्ध्या तासातल्या व्यवहारांच्या भारित सरासरीवरून काढतात. तो निघाला 23,512. बारा पॉइंटांनी पुटाचं शून्य झालं. शेअरांत तोवर 70 हजारांचा खड्डा पडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी निफ्टी उघडला तोच 23,300 वर. या वेळी मान खरंच मोडली होती, आणि माझा विमा आदल्या संध्याकाळी संपला होता. पुढच्या महिन्याचं, पुन्हा 500 पॉइंट खालचं पुट पाहिलं. भाव 270.

"घेताय?" आतून आवाज आला.

मी चार्टवरची नेकलाइन पुसली आणि थोडी खाली ओढून पाहिली. तिथे अजून एक खांदा दिसत होता.