शटर, आयएसओ आणि राखाडी कार्ड: एका प्रतिक्रियेला उत्तर

दोन फोननी ऑटोवर घेतलेल्या फोटोंची तुलना करणाऱ्या माझ्या लेखावर आलेली प्रतिक्रिया अशी होती:

«शटर आणि आयएसओ सारखे न ठेवता दोन फोनच्या एक्स्पोजरची तुलना करणं निरर्थक आहे, हे कुणीही सांगेल. शिवाय खोलीत खिडकीचा आणि दिव्याचा उजेड एकत्र होता आणि फोटोंचे कलर प्रोफाइल कुठे दिलेले नाहीत. नुसता फोन हातात आला म्हणून कुणी तज्ज्ञ होत नाही. लोकांना चुकीचं शिकवण्याआधी थोडा अभ्यास करा.»

शेवटच्या दोन वाक्यांपासून सुरुवात करते, कारण तुमचा खरा जोर तिथेच आहे. चुका दाखवा, जरूर दाखवा. पण 'कुणीही सांगेल' आणि 'अभ्यास करा' ही भाषा मुद्दा संपल्यावर वापरली जाते, मुद्दा मांडताना नाही. मी फोन हातात येण्याच्या कितीतरी आधी रंगीत निगेटिव्हवरून प्रिंट काढत होते. एन्लार्जरमध्ये पिवळा आणि मॅजेंटा फिल्टर जरा इकडेतिकडे झाला की माणसाचा चेहरा हिरवट दिसायचा आणि अख्खा कागद वाया जायचा. रंगाचा कल पाहायला माझे डोळे तिथे तयार झाले. हे सांगायची वेळ तुम्ही आणलीत.

आता शटर आणि आयएसओ. ते सारखे ठेवले की एक्स्पोजर सारखं होतं, ही कल्पना एकच कॅमेरा, एकच लेन्स आणि तेच छिद्र असेल तर खरी. दोन फोनना ती लागू पडत नाही आणि याचं पहिलं कारण अगदी साधं आहे: बहुतेक फोनमध्ये लेन्सचं छिद्र बदलता येत नाही. माझ्या लेखातल्या एका फोनचं छिद्र एफ/१.८ होतं, दुसऱ्याचं एफ/१.६. समजा मी तुमचं ऐकून दोन्हीकडे १/६० सेकंद आणि आयएसओ १०० लावलं असतं. छिद्राचा हिशेब वर्गाने होतो, आणि आकडा लहान तितका उजेड जास्त. १.८ चा वर्ग ३.२४, १.६ चा २.५६, म्हणजे दुसऱ्या फोनमध्ये सुमारे सव्वापट उजेड गेला असता. एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. शटर आणि आयएसओ जुळले आणि एक्स्पोजर तरीही साधारण एक तृतीयांश स्टॉपने वेगळं! यालाच तुम्ही तुलनेची अट म्हणता.

दुसरं कारण आयएसओच्या आकड्यातच आहे. डिजिटल कॅमेऱ्याचा आयएसओ कसा ठरवायचा याचं मानक आयएसओ १२२३२. त्यात एकच पद्धत नाही. त्यातल्या एका पद्धतीत तर कोणत्या एक्स्पोजरला चित्र योग्य दिसतं हे निर्मात्यालाच ठरवता येतं. त्यामुळे एका फोनचं १०० आणि दुसऱ्याचं १०० एकच असतील असं गृहीत धरता येत नाही. त्यात फोन आज एका फोटोसाठी बऱ्याचदा अनेक फ्रेम घेऊन एकत्र करतो, पण एक्झिफमध्ये, म्हणजे फाइलमधल्या फोटोच्या नोंदीत, शटरचा एकच आकडा लिहितो.

माझ्याच फाइल्सवर हे करून पाहू. एक्झिफ वाचायला ही एक ओळ पुरते:

```
exiftool -ExposureTime -FNumber -ISO -ProfileDescription *.jpg
```

पहिला फोन: १/६०, एफ/१.८, आयएसओ १००. दुसरा: १/५०, एफ/१.६, आयएसओ ८०. शटरचा वेळ गुणिले आयएसओ, भागिले छिद्राचा वर्ग असा हिशेब केला की दुसऱ्या फोनचा फोटो सुमारे ०.३ स्टॉपने उजळ यायला हवा. प्रत्यक्षात मोजमापासाठी टेबलावर ठेवलेल्या, रंगाचा कल नसलेल्या राखाडी कार्डावर हिरव्या चॅनेलचा आकडा पहिल्या फोनमध्ये १२८ आला आणि दुसऱ्यात १०८. हे आकडे थेट वजा करायचे नसतात, कारण जेपेगमधला आकडा उजेडाच्या सरळ प्रमाणात नसतो. एसआरजीबी या नेहमीच्या कलर प्रोफाइलचा वक्र उलटवला की १२८ म्हणजे सुमारे ०.२१६ आणि १०८ म्हणजे ०.१५०. गुणोत्तर १.४४, म्हणजे पहिला फोटो अर्ध्या स्टॉपने उजळ. एक्झिफ एका बाजूला बोट दाखवतं, फोटो दुसऱ्या बाजूला. मधलं पाऊण स्टॉपहून जास्त अंतर आयएसओच्या व्याख्येतून, फ्रेम एकत्र करण्यातून आणि फोनने चढवलेल्या टोनच्या वक्रातून येतं. वाचकाला फोनने ऑटोवर काय केलं हे जाणून घ्यायचं असतं, आणि ते कार्ड सांगतं. म्हणूनच मी कार्ड मोजलं.

या पद्धतीची खरी मर्यादा तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही, म्हणून मीच सांगते. फोन सगळ्या चित्रावर एकच वक्र चढवत नाही, सावलीचा भाग वेगळा उचलतो. त्यामुळे कार्डावरचा अर्धा स्टॉप पूर्ण चित्राला लागू होत नाही. हे तपासायला एकसारखी दोन कार्डं घ्यावी, एक उजेडात आणि एक सावलीत ठेवावं, आणि दोन्हींतला फरक जेपेगमध्ये व रॉ फाइलमध्ये मोजावा. जेपेगमध्ये तो लक्षणीय कमी भरला, तर फोनने सावली उचललेली आहे. पुढच्या तुलनेत मी असंच करणार आहे.

दोन उजेडांचा मुद्दा थोडक्यात. खिडकी आणि दिवा एकत्र होते हे मी लेखातच लिहिलं होतं, तुम्ही वाचलेलं दिसत नाही. कार्ड जिथे होतं तिथल्या उजेडापुरताच माझा निष्कर्ष आहे. पहिल्या फोनमध्ये कार्डाचे आकडे लाल १३४, हिरवा १२८, निळा ११९ आले. दुसऱ्यात १०९, १०८, ११०. वक्र उलटवल्यावर लाल आणि निळ्याचं गुणोत्तर पहिल्यात सुमारे १.२९, दुसऱ्यात ०.९८. पहिला फोन दिव्याचा उबदारपणा ठेवतो, दुसरा जवळजवळ पुसून टाकतो. दिव्याच्या उजेडात थोडी ऊब ठेवणं हा बऱ्याच फोनचा मुद्दाम केलेला निर्णय असतो, त्यामुळे कुठला फोन बरोबर हे मी ठरवलंच नव्हतं. आणि कार्डाऐवजी पांढरा कागद का नाही, असं आणखी एकांनी विचारलं होतं. बऱ्याच कागदांत चकाकी आणणारी रसायनं असतात. खिडकीच्या उजेडातल्या अतिनील किरणांनी ती निळसर चमकतात, दिव्याखाली तितकी नाही. अशा खोलीत कागदावर भरवसा ठेवू नये.

प्रोफाइलबद्दल तुमचं म्हणणं मान्य. एका फोनच्या फाइल्स डिस्प्ले पी३ मध्ये होत्या, दुसऱ्याच्या एसआरजीबीत, आणि ते फोटोखाली लिहायला हवं होतं. आता लिहिलं आहे. वरचे आकडे मात्र मी आधी दोन्ही एसआरजीबीत आणूनच घेतले होते. शिवाय दोन्ही प्रोफाइलचा पांढरा बिंदू आणि वक्र एकच आहे, त्यामुळे शुद्ध राखाडी रंग दोन्हीकडे सारख्याच आकड्यांनी लिहिला जातो. फरक पडतो तो भडक लाल-हिरव्यात.

रॉ फाइलमधलं AsShotNeutral, म्हणजे फोटो घेताना फोनने राखाडी धरलेल्या रंगाचे आकडे, थेट का ताडून पाहिलं नाही, असंही पुढे कुणी विचारेल. ते आकडे त्या त्या सेन्सरच्या स्वतःच्या रंगफिल्टरांच्या भाषेत असतात. दोन वेगळ्या सेन्सरचे असे आकडे शेजारी ठेवून काहीही सिद्ध होत नाही.

मूळ फाइल्स लेखाखाली ठेवल्या आहेत. कार्डावर तुमचे आकडे वेगळे येत असतील तर कुठला भाग निवडला आणि कुठल्या प्रोफाइलमध्ये मोजला ते लिहा, मी पुन्हा मोजेन. नुसतं 'अभ्यास करा' असं पुन्हा आलं, तर ती प्रतिक्रिया मी छापणार नाही.