बाराशे पन्नासचं काय एवढं, म्हणे!

पोट्टेहो, सकाळपासून तिसऱ्यांदा तोच मेसेज ग्रुपवर येऊन राहिला. "पुण्यातील नामांकित कंपनीत थेट भरती, बारावी/आयटीआय पास, पगार 28,500, राहणे-जेवण मोफत, रजिस्ट्रेशन फक्त 999." त्याच्याखाली चार अंगठे, आणि एकाने तर "भाऊ लिंक टाका" म्हणून हात जोडले. डोकं फिरलं माझं. त्यामुळे आज लांबलचक लिहून राहिलो. कंटाळा आला तरी वाचा.

माझं तालुक्याला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्यातल्या अर्ध्यांचे फॉर्म मीच भरले. मागच्या महिन्यात माझ्या मावशीचा पोरगा दुकानात आला, म्हणे दादा, ऑफर लेटरची कलर प्रिंट काढून दे. आयटीआय झालेला, इलेक्ट्रिशियन. चेहऱ्यावर असा उजेड, की त्याच्या हातात पेढ्याचा पुडाच काय तो नव्हता. मी प्रिंट काढली आणि कागद हातात घेऊन पाहतच राहिलो.

वर मोठ्या कारखान्याचं नाव, लोगो, खाली गोल शिक्का, सही. सगळं चकचकीत. पण एचआरचा ईमेल जीमेलचा. हजारो माणसं कामाला असणाऱ्या कारखान्याला स्वतःचा ईमेल नसतो का बे? पत्ता पुण्याचा, आणि जीएसटी नंबर 07 ने सुरू होणारा. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे 27, दिल्लीचे 07. तरी म्हटलं, असेल बाप्पा यांचं हेडऑफिस तिकडे. मग अक्षरं मोजली तर चौदाच. खरा नंबर 15 अक्षरांचा असतो. चोरी करायची तीही आळशीपणाने! gst.gov.in वर कोणताही नंबर टाकून कोणाचा आहे ते फुकट पाहता येते, दोन मिनिटांचं काम.

मी विचारलं, "किती भरले?"

"जास्त नाही ना दादा. रिफंडेबल आहे."

हा रिफंडेबल शब्द ज्याने काढला त्याच्या वावरात गाजरगवत उगवो.

हिशोब ऐका. एका नोकरीच्या साईटवर पोराने बायोडाटा टाकला होता. तिथून नंबर उचलून एका मॅडमने फोन केला, हिंदीत, लय गोड. दहा मिनिटांचा इंटरव्ह्यू. नाव काय, शिक्षण काय, रात्रपाळी चालते का. इलेक्ट्रिशियन पोराला वायरीबद्दल एक प्रश्न नाही! संध्याकाळी "सिलेक्टेड". मग रजिस्ट्रेशनचे 1,250. दोन दिवसांनी कागदपत्र पडताळणीचे 3,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 540, म्हणजे 3,540, आणि त्याची छापील पावती. जीएसटी लावला म्हणून पोराला वाटलं सरकारी मामला आहे. मग गणवेश, गेट पास आणि होस्टेलचं डिपॉझिट 6,800. ते त्याने त्याच दिवशी सकाळी भरले होते. एकूण 11,590. आणि आता "सॅलरी अकाउंट सुरू करायला" 12,000 मागून राहिले होते. ते भरायला पैसे कमी पडले म्हणून लेटर छापून मामाला दाखवायचं होतं. नाहीतर मला कळलंही नसतं.

6,800 म्हणजे काय ते सांगतो. यंदा आमच्याकडे वेचणी किलोमागे दहा रुपये. मावशी दिवसाला चाळीस किलो वेचते, कंबर मोडून. सतरा दिवस. सतरा दिवसांचा कापूस त्या मॅडमच्या गणवेशात गेला.

आता कोणी म्हणेल, पोट्टा येडा होता. येडा नाही. आपल्याला फी भरायची सवय लागलेली आहे, तीच यांनी हेरली. 2023 च्या तलाठी भरतीला हजार रुपये भरले ना? पोलीस भरतीला साडेचारशे? मग बाराशे पन्नासचं काय एवढं, असं वाटते. पण राजेहो, तो फरक डोक्यात घ्या. ती परीक्षेची फी असते. जाहिरातीत आधी छापलेली, सर्वांना ठरलेली, भरतीच्या पोर्टलवर लॉगिन करून भरायची, आणि भरली म्हणून नोकरी लागेल असं कोणी म्हणत नाही. इथे उलटं चालते. आधी सिलेक्शन, मग पैसे, तेही एचआरने व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या क्यूआरवर. कारखान्याला माणूस पाहिजे असला तर तो तुम्हाला पगार देईल, का तुमच्याकडून घेईल?

आणि पहिली रक्कम लहानच असते, मुद्दाम. ती गेली की दुसरी मागताना म्हणतात, "नाही भरली तर आधीचे बुडतील." पोरगा तिथे अडकतो. तिसरी वेळ येईपर्यंत तो नोकरीसाठी नाही, आधीचे पैसे वाचवण्यासाठी भरून राहिलेला असतो.

एक गोष्ट तर त्याच्या डोळ्यासमोर होती. क्यूआर स्कॅन केल्यावर, पिन टाकायच्या आधी, पैसे घेणाऱ्याचं नाव स्क्रीनवर येते. मी तिन्ही पेमेंट उघडायला लावले. पहिल्यात एका बाईचं नाव, दुसऱ्यात कुठलं तरी किराणा स्टोअर्स, तिसऱ्यात भलताच माणूस. कारखान्याचं नाव एकदाही नाही. म्हटलं, "हे पाहिलं नाही काहून?" म्हणे, "मॅडम म्हणाल्या, अकाउंटंटचं खातं आहे."

दुकानातूनच सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनला फोन लावला. बराच वेळ फोन लागतच नव्हता, मग लागला. तिथे पहिलं विचारतात ते पेमेंटचा यूटीआर नंबर, बारा आकडी, व्यवहाराच्या तपशिलात असतो. मग वेळ, रक्कम, तुमची बँक, समोरचा मोबाईल नंबर. आणि या शहाण्याने लाजेपायी, घरी कोणी पाहू नये म्हणून, मॅडमसोबतचं अर्धं चॅट रात्रीच डिलीट केलं होतं! पोट्टेहो, शिव्या द्या, रडा, पण चॅट पुसू नका. पुढे cybercrime.gov.in वर तक्रार पूर्ण करताना तेच जोडावं लागते.

सकाळच्या 6,800 पैकी चार हजार समोरच्या खात्यात अडवले गेले, कारण काही तासांतच कळवलं होतं. आधीच्या दोन रकमा पुढच्या खात्यांत आणि तिथून एटीएममधून केव्हाच निघून गेल्या. अडवलेले चार हजारही अजून हातात नाहीत. त्यावर मीठ म्हणजे, आठ दिवसांनी पोराला दुसराच फोन, "सायबर सेलमधून बोलून राहिलो, तुमचे पैसे सोडवतो, प्रोसेसिंगचे 1,500 भरा." यावेळी त्याने फोन माझ्याकडे दिला. मी काय बोललो ते ग्रुपवर लिहिता येत नाही, बायाही आहेत इथे.

आणि ज्याने सकाळचा मेसेज टाकला त्या भावाला विचारतो, तू स्वतः त्या कंपनीच्या गेटवर गेला होतास का? नाही ना? मग काढ तो. तू वाईट नाहीस, मला माहीत आहे, पण कोणाच्या तरी आईचा कापूस आहे तो.

आजच्या 999 मध्ये कोणी भरले असतील तर मला पर्सनलवर सांगा, लाजू नका, कोणाला सांगत नाही. आधी 1930 लावा. लागत नसेल तर मोबाईल आणि पासबुक घेऊन दुकानात या, नऊला उघडतो.