पिवळे डोळे आणि झाडपाल्याचा काढा

"डोळे पिवळे, लघवी गडद म्हणजे साधी कावीळ. काढा प्या, आठ दिवसांत उतरते, तपासण्या कशाला?"

नाशिकच्या ग्रुपांवर फिरणारा हा सल्ला अर्धवट आहे. काविळीत बिघाड यकृतात, पित्तनलिकेत किंवा रक्तात असू शकतो, आणि काढ्याला ते कळत नाही.

सिडकोतल्या साठीच्या एका काकांचंच बघा. तीन आठवडे काढा चालू होता. अंगाला रात्रभर खाज, लघवी चहासारखी, शौच मात्र पांढुरकी, मातकट. खरी खूण तीच! शौचाला रंग पित्तामुळे येतो. नलिका तुंबली की पित्त आतड्यात उतरत नाही, रक्तात साठतं आणि लघवीतून बाहेर पडतं. डोळे पिवळे करणारं रंगद्रव्य, म्हणजे बिलिरुबिन, एकूण १२, त्यातलं यकृताने प्रक्रिया केलेलं डायरेक्ट १०; नलिका तुंबल्यावर चढणारं अल्कलाइन फॉस्फटेज बरंच वाढलेलं, यकृताच्या पेशींना इजा झाल्यावर चढणारं एसजीपीटी थोडंच. सोनोग्राफीत नलिका फुगलेली दिसली. कारण बहुधा खडा असतो किंवा गाठ, म्हणून पुढची तपासणी लागतेच.

विषाणूमुळे यकृत सुजलं तर उलट एसजीपीटी हजारांत जातं, आधी ताप-मळमळ असते.

रक्तपेशी फुटत असतील तर यकृताने अजून प्रक्रिया न केलेलं इनडायरेक्ट बिलिरुबिन वाढतं. ते लघवीत उतरत नाही. त्यामुळे डोळे पिवळे असूनही लघवी बहुधा चहासारखी होत नाही. पेशी रक्तवाहिनीतच फुटल्या तर मात्र ती कोलासारखी काळपट होते, आणि हिमोग्लोबिन घसरतं.

काविळीसोबत थंडी वाजून ताप, पोटदुखी किंवा बरळणं असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.